मोरेटोरियमनंतरचा कर्जाचा उतारा: मुद्दलात मिळवलेलं व्याज पुन्हा थकबाकीत दिसतंय का?

प्रश्न: माझ्या कर्जाची शिल्लक 20 लाख होती, दर 9 टक्के, हप्ता 20,285 आणि 180 हप्ते बाकी होते. सहा महिन्यांचा मोरेटोरियम घेतला, त्या काळात काहीच भरलं नाही. पत्रात लिहिलं होतं की न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवलं जाईल. आता उताऱ्यात शिल्लक 21,07,392 दिसतेय, बाकी हप्ते 199 झालेत आणि खाली "थकीत व्याज 91,704" अशी वेगळी ओळ आहे. पहिला हप्ता भरल्यावर ती ओळ 71,419 झाली. पुढच्या महिन्यात व्याज 15,805 लागलं. माझ्याकडून व्याज दोनदा घेतलं जातंय का? थकीत रक्कम एकदाची भरून टाकू का?

उत्तर:

थकीत रक्कम आत्ता भरू नका. तुमचा संशय बरोबर आहे, फक्त तो ज्या आकड्यांवर आहे त्यातले दोन निर्दोष आहेत. 21,07,392 ही शिल्लक बरोबर आहे आणि 199 हप्तेही बरोबर आहेत. चूक "थकीत व्याज" या ओळीत आहे, आणि तिचा पक्का पुरावा तुम्हीच शेवटी दिलेल्या 15,805 या आकड्यात आहे. हे सगळं क्रमाने पाहू, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेशी बोलताना तुमच्या हातात हिशोब असेल.

आधी शिल्लक. 9 टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला 0.75 टक्के. 20 लाखांवर पहिल्या महिन्याचं व्याज 15,000 होतं. ते भरलं गेलं नाही, म्हणून मुद्दलात मिळालं आणि दुसऱ्या महिन्याचं व्याज 20,15,000 वर लागलं, म्हणजे 15,112.50. असं करत सहाव्या महिन्याचं व्याज 15,571 होतं. सहाही महिन्यांची बेरीज 91,704 आणि सहा महिन्यांअखेर मुद्दल 20,91,704. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत येतं:

```
=FV(9%/12, 6, 0, -2000000)
```

उत्तर 2091704.47 येईल. व्याज दर महिन्याला न मिळवता सहा महिन्यांच्या शेवटी एकदाच मिळवलं असतं, तर बेरीज 90,000 झाली असती. फरक 1,704 चा. दरमहा मिळवायचं की शेवटी एकदाच, हे तुमच्या मोरेटोरियमच्या पत्रात किंवा मूळ करारात लिहिलेलं असतं, ते वाक्य शोधून ठेवा. पण "व्याजावर व्याज" या शब्दांना लोक जितके घाबरतात तितकी ही रक्कम सहा महिन्यांत मोठी होत नाही. खरा भार पुढे मुदतीत येतो, त्याकडे नंतर वळतो.

मग तुमच्या उताऱ्यात 20,91,704 ऐवजी 21,07,392 का? कारण तुम्ही पाहिलेली ओळ सातव्या महिन्याचं व्याज नावे पडल्यानंतरची आणि पहिला हप्ता जमा होण्याआधीची आहे. 20,91,704 वर महिन्याचं व्याज 15,688 होतं, दोन्ही मिळून बरोबर 21,07,392. उताऱ्यातली शिल्लक वाचताना ती व्याजाच्या नोंदीनंतरची आहे की हप्त्याच्या नोंदीनंतरची, हे नेहमी पाहावं. मोरेटोरियमनंतर येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात, कारण माणूस स्वतःच्या हिशोबातली हप्त्यानंतरची शिल्लक उताऱ्यातल्या हप्त्याआधीच्या शिलकीशी ताडत असतो.

इथे एक मुभा ठेवायला हवी. तुमच्याकडे व्याज महिन्याच्या हिशोबाने लागतं, म्हणून आकडे रुपयापर्यंत जुळले. काही ठिकाणी व्याज दिवसांवर मोजतात. मग 20 लाखांवर 30 दिवसांच्या महिन्यात 14,795 येतात आणि 31 दिवसांच्या महिन्यात 15,288. सहा महिन्यांत 181 दिवस होते की 184, यावरही बेरीज हजार-दीड हजाराने इकडेतिकडे होते. एवढा फरक दिसला तर ती चूक समजू नये. दर मध्येच बदलला होता का, हेही उताऱ्यावरूनच कळतं: कुठल्याही महिन्याचं व्याज 12 ने गुणा आणि त्याआधीच्या शिलकीने भागा. तुमच्या दुसऱ्या महिन्याचं पाहा, 15,112.50 गुणिले 12 भागिले 20,15,000 म्हणजे बरोबर 9 टक्के. दिवसांवर मोजणाऱ्या खात्यात हा दर थोडा वरखाली दिसेल, पण एखाद्या महिन्यापासून तो चढला आणि तिथेच राहिला, तर दर बदलला आहे असं समजा आणि त्या बदलाची सूचना तुम्हाला कधी मिळाली ते तपासा.

आता मुख्य मुद्दा, "थकीत व्याज 91,704".

मोरेटोरियममधल्या न भरलेल्या व्याजाचं दोनच प्रकारे काही करता येतं. एक, ते मुद्दलात मिळवायचं. मग मुद्दल 20,91,704 होतं आणि थकीत असं काही उरत नाही, कारण ते व्याज आता मुद्दल झालेलं असतं. दोन, ते मुद्दलाबाहेर वेगळं ठेवायचं आणि पुढे हप्त्यांतून किंवा शेवटी वसूल करायचं. मग मुद्दल 20 लाखच राहतं आणि 91,704 ची नाही, तर साधारण 90,000 ची वेगळी ओळ दिसते, कारण व्याज मुद्दलात गेलंच नाही तर त्यावर व्याज चढत नाही. दोन्ही पद्धती हिशोबाला धरून आहेत. पण एकाच उताऱ्यात वाढलेलं मुद्दलही आणि थकीत व्याजही, हे एकत्र असू शकत नाही. तुमचं 91,704 एकदा मुद्दलात गेलं आणि तेच पुन्हा थकबाकीत उभं राहिलं.

हे बहुतेक वेळा कसं होतं तेही सांगतो, म्हणजे समोरचा माणूस "सिस्टीमच तसं दाखवते" म्हणाला तर तुम्हाला पुढे बोलता येईल. कर्जाच्या संगणक प्रणालीत दर महिन्याला व्याजाची "मागणी" उभी राहते आणि पैसे आले की ती मिटते. मोरेटोरियममध्ये पैसे आले नाहीत, म्हणून सहा मागण्या उभ्या राहिल्या. व्याज मुद्दलात मिळवताना त्या सहाही मागण्या उलट नोंदीने रद्द करायच्या असतात. मिळवण्याची नोंद झाली आणि रद्द करण्याची राहिली, की तीच रक्कम दोन जागी दिसू लागते. दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे पाहिल्या तर बरोबर वाटतात, म्हणून वरवर तपासणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

ही ओळ नुसती माहितीसाठी छापली जाण्याचीही शक्यता असते. तसं असतं तर पैशांचं नुकसान नसतं. फरक ओळखायची कसोटी पहिला हप्ता भरल्यानंतरच्या महिन्याच्या व्याजात आहे. पहिला हप्ता 20,285 चा होता. तो योग्य रीतीने जमा झाला असता तर त्यातले 15,688 सातव्या महिन्याच्या व्याजात गेले असते आणि 4,597 मुद्दलात. शिल्लक 20,87,107 झाली असती आणि तिच्यावर पुढच्या महिन्याचं व्याज 15,653 लागलं असतं. तुम्हाला लागलं 15,805. हे 21,07,392 चे 0.75 टक्के आहेत. म्हणजे व्याज मोजताना तुमचा हप्ता शिलकीतून वजाच झालेला नव्हता. जास्तीचे 152 हे नेमके 20,285 चे 0.75 टक्के आहेत.

हप्ता गेला कुठे? थकीत व्याजाच्या ओळीत. 91,704 मधून 20,285 वजा केले की 71,419 उरतात, आणि नेमका हाच आकडा तुम्हाला दिसतो आहे. तेव्हा ती ओळ नुसती छापलेली नाही, ती तुमचे पैसे खाते आहे. हप्ता आला की आधी जुनी थकबाकी, मग चालू व्याज, मग मुद्दल अशा क्रमाने तो वाटला जातो. थकबाकीच खोटी असेल तर पहिले काही हप्ते पूर्णपणे तिच्यातच जातात.

आजच्या घडीला फरक किती, तो असा. आठव्या महिन्याचं व्याज लागल्यावर तुमच्या उताऱ्यात शिल्लक 21,23,198 असेल. ती असायला हवी 21,02,761. फरक 20,437, म्हणजे तुमचा एक हप्ता आणि त्यावरचं 152 व्याज.

रक्कम छोटी वाटेल, पण थांबून चालणार नाही. साडेचार हप्त्यांत ही थकीत ओळ आपोआप शून्य होईल आणि उतारा पुन्हा नेटका दिसू लागेल. त्यानंतर कोणी उतारा चाळला तर त्यात काही वावगं दिसणार नाही, फक्त शिल्लक जेवढी असायला हवी त्याहून 91 हजारांच्या वर जास्त असेल आणि हप्ता तोच ठेवला तर कर्ज आणखी सुमारे 21 हप्ते लांबेल. मोरेटोरियमला दोन-तीन वर्षं उलटलेल्या खात्यात हीच चूक शोधायची, तर चालू उतारा पुरत नाही. मोरेटोरियमच्या आधीच्या महिन्यापासूनची प्रत्येक नोंद मागवावी लागते आणि मोरेटोरियमनंतरचे पहिले पाच हप्ते कुठे गेले ते पाहावं लागतं.

म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की थकीत रक्कम एकदाची भरू नका. 71,419 भरले तर ती ओळ आजच नाहीशी होईल, पण तुम्ही एकच व्याज पूर्णपणे दोनदा दिलेलं असेल. वर, ती थकबाकी तुम्ही मान्य केली असा अर्थही काढला जाऊ शकतो. त्याच वेळी निषेध म्हणून नेहमीचा हप्ताही थांबवू नका. हप्ता चुकला तर खरी थकबाकी तयार होईल आणि खऱ्या-खोट्या थकबाकीचा गुंता सोडवणं फार कठीण जातं. दुसरा हप्ता वेळेवर भरा आणि भरल्याची पावती जपून ठेवा.

आता 199 हप्त्यांबद्दल, कारण ते पाहूनही तुम्हाला धक्का बसला असणार. मुद्दल 20,91,704 झालं आणि हप्ता 20,285 च ठेवला, तर किती हप्ते लागतील हे असं निघतं:

```
=NPER(9%/12, -20285, 2091704)
```

उत्तर 198.67 च्या आसपास येतं, म्हणजे 198 पूर्ण हप्ते आणि शेवटचा साधारण 13 हजारांचा. मोरेटोरियमचे सहा महिने धरले तर कर्ज मूळ तारखेपेक्षा सुमारे दोन वर्षं उशिरा फिटेल आणि एकूण सुमारे 3.79 लाख जास्त जातील. सहा हप्ते न भरल्यामुळे हातात राहिले होते 1.22 लाख, त्यासाठी एवढं. यात लबाडी नाही. हप्त्याचा मोठा वाटा व्याजातच जात असल्यामुळे मुद्दलात पडलेली 91 हजारांची भर फिटायला फार हप्ते लागतात. मुदत जितकी लांब बाकी असते, तितकं हे जास्त जाणवतं. हप्ते संपत आलेल्या कर्जात त्याच सहा महिन्यांनी मुदत जेमतेम सात-आठ महिन्यांनी वाढते.

पण हप्ता तोच ठेवायचा हा निर्णय कोणी घेतला, ते पाहा. मोरेटोरियमच्या पत्रात पर्याय दिलेले असतील तर तुम्ही काय निवडलं होतं? बाकी हप्ते 180 च ठेवले असते तर हप्ता 21,215 झाला असता आणि एकूण जादा भार 1.67 लाख. मूळ शेवटची तारीखच कायम ठेवली असती, म्हणजे 174 हप्ते, तर हप्ता 21,564 आणि जादा भार सुमारे 1.01 लाख. महिन्याला साधारण 1,279 जास्त द्यायची तयारी असेल तर पावणेतीन लाखांहून जास्त वाचतात. माझ्या मते ज्यांचं उत्पन्न पूर्ववत झालंय त्यांनी हा शेवटचा पर्याय मागावाच. हप्ता वाढवणं नको असेल आणि हाताशी रक्कम असेल, तर 91,704 मुद्दलात एकरकमी भरा. मोरेटोरियम संपताच भरले असते तर मुद्दल पुन्हा 20 लाख आणि हप्ते पुन्हा 180 झाले असते. आता एक-दोन महिन्यांनी भरले तरी फरक किरकोळ आहे. मात्र हे पैसे थकीत ओळ दुरुस्त झाल्यानंतरच भरा, आणि "मुद्दलात अंशतः परतफेड" असं लेखी लिहून भरा. नाहीतर तेही त्या ओळीतच जातील.

तक्रार फोनवर करू नका, लेखी करा, आणि "व्याज जास्त लावलंय, तपासा" असं मोघम लिहू नका. मोघम तक्रारीला "नियमाप्रमाणे आहे" एवढंच उत्तर मिळतं. तुम्ही हे असं लिहू शकता:

> मोरेटोरियमच्या सहा महिन्यांचं 91,704 व्याज माझ्या खात्यात मुद्दलात मिळवण्यात आलं असून मुद्दल 20,91,704 झालं आहे. तरीही तीच रक्कम "थकीत व्याज" म्हणून वेगळी दाखवली जात आहे आणि माझा मोरेटोरियमनंतरचा पहिला हप्ता 20,285 त्यात जमा करण्यात आला आहे. त्यामुळे आठव्या महिन्याचं व्याज 15,653 ऐवजी 15,805 लागलं आहे. कृपया थकीत व्याजाच्या नोंदी रद्द कराव्यात, हप्ता मूळ जमा तारखेपासून चालू व्याज व मुद्दलात वळता करावा, जास्तीचं व्याज परत जमा करावं आणि मोरेटोरियमच्या आधीच्या महिन्यापासूनचा संपूर्ण नोंदवार उतारा व नवं परतफेड वेळापत्रक द्यावं.

यात "मूळ जमा तारखेपासून" हे शब्द सोडू नका. दुरुस्ती आजच्या तारखेने केली तर हप्ता मुद्दलात येतो, पण मधल्या काळात लागलेलं जास्तीचं व्याज तसंच राहतं. आज ते 152 आहे. चार हप्ते असे गेल्यावर ते सुमारे 1,533 होतं, कारण दर महिन्याला आणखी एक हप्ता व्याजाच्या हिशोबाबाहेर राहतो.

याच पत्रात आणखी एक विचारणा घाला. खोटी थकबाकी उभी असताना तुमचं खाते उशिरा भरणाऱ्यांत गेलं होतं का, आणि पतअहवालात तसं कळवलं गेलं होतं का? गेलं असेल तर तीही दुरुस्ती मागा. त्याच कारणाने विलंब शुल्क किंवा दंडव्याज लागलं असेल तर ते उताऱ्यात छोट्या, वेगळ्या नावाच्या ओळींत सापडतं. मोरेटोरियममध्ये न भरलेला हप्ता चुकलेला हप्ता नसतो, त्यामुळे त्या सहा महिन्यांवरची अशी प्रत्येक ओळ परत मिळायला हवी. विमा किंवा इतर शुल्क मुद्दलात टाकलं असेल तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी तुमची संमती होती का ते पाहावं लागेल.

दुरुस्ती झाली असं कळवल्यावर थकीत ओळ शून्य झाली एवढ्यावर समाधान मानू नका. दुसरा हप्ता भरून झाल्यावर शिल्लक 20,82,476 च्या आसपास यायला हवी. ती 20,82,628 आली तर दुरुस्ती आजच्या तारखेने केली आहे आणि 152 अजून येणं आहेत. त्यानंतर नवव्या महिन्याचं व्याज 15,619 लागायला हवं. 15,924 लागलं, तर थकीत ओळ फक्त छापायची बंद केली आहे आणि तुमचे दोन्ही हप्ते अजून तिथेच अडकले आहेत. तसं झालं तर हाच हिशोब, आधीचं पत्र आणि त्यावर मिळालेलं उत्तर जोडून त्याच संस्थेच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्याकडे जा.